जोडीतला दुसरा बैल

वडवणीच्या बाजारपेठेत कल्याणरावांचं दुकान विचारलं तर लहान पोरही बोट दाखवील. दोरखंड, वेसण, कासरे आणि बैलांचा साज. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून म्हातारा गल्ल्यावर बसला की पोळ्यापर्यंत उठायचं नाव घेत नसे. पण ही गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या सुनेची आहे. वर्षाराणीची.

वर्षाराणी लातूरची. बाप कापडदुकानदार, त्यामुळे धंदा रक्तात आणि शेत फक्त एस.टी.च्या खिडकीतून पाहिलेलं. लग्न होऊन आली तेव्हा बैलाच्या कपाळावरची मठाठी कुठली आणि तोंडाला बांधायची म्होरकी कुठली हे तिला कळत नव्हतं. पण हातात मोबाईल होता आणि डोकं तल्लख. गावागावांत इंटरनेट स्वस्त झालं तशी तिने नवऱ्याच्या, अमरनाथच्या मागे लागून दुकानाची वेबसाइट करून घेतली. झुलीचे फोटो काढले, बाशिंगाचे काढले, दुकानातल्या लाकडी खांबाला घुंगरमाळ अडकवून तिचेही काढले. सासरे म्हणाले, "खांबाला साज चढवलाय, आता त्याला पुरणपोळी बी चार." पण पहिल्याच हंगामात नाशिकहून ऑर्डर आली आणि म्हाताऱ्याची जीभ जरा आवरली.

तिला एकाच गोष्टीचा धाक असे. समोर न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाचा. दुकानात आलेला माणूस चिडला तर त्याला चहा पाजता येतो. मोबाईलमधला माणूस चिडला तर तो काय करील, काही नेम नाही. म्हणून ती गिऱ्हाइकाला सगळं कळवायची. माल बांधला की मेसेज, कुरियरला दिला की ट्रॅकिंग नंबर, उशीर होणार असेल तर आधीच माफी. एवढं करूनही रोज सकाळी चहाच्या आधी ती मोबाईलच उघडून बघायची.

त्या वर्षी पोळ्याच्या आधी पुण्याहून एक ऑर्डर आली. अभिमन्यू नावाच्या पोराची. तो कंपनीत कामाला, साज मात्र गावाकडे पाठवायचा, कडा गावाजवळच्या वस्तीवर, वडिलांच्या म्हणजे बबनरावांच्या पत्त्यावर. पूर्ण जोडीचा साज. दोन झुली, दोन बाशिंगं, शिंगांच्या पितळी शेंब्या, गोंडे आणि दोन घुंगरमाळा. पैसे भरलेले. सगळं तयार होतं, पण माळांची घुंगरं ओतणाऱ्या कारागिराकडून एकच माळ आली. दुसरी उद्या-परवा देतो म्हणाला.

आता काय करायचं? सगळंच थांबवलं आणि पोळा उलटून गेला तर? अमरनाथ माल आणायला सोलापूरला गेलेला. वर्षाराणीने आपल्या हिशोबाने विचार केला. अर्धवट माल दोघांचा पाठवण्यापेक्षा एका बैलाचा साज तरी पूर्ण जाऊ दे. तिने एक झूल, एक बाशिंग, दोन शेंब्या, गोंडे आणि ती एक माळ असं नीट खोक्यात भरलं, कुरियरला दिलं, वेबसाइटवर ऑर्डरपुढे 'अंशतः रवाना' केलं आणि अभिमन्यूला मेसेज टाकला:

'नमस्कार. आपल्या ऑर्डरपैकी एका बैलाचा पूर्ण साज आज पाठवला आहे. ट्रॅकिंग नंबर खाली दिला आहे. दुसऱ्या बैलाचा साज वेगळ्या पार्सलने येईल, त्याचा ट्रॅकिंग नंबर निघाल्यावर कळवू. दुसऱ्या पार्सलचा जादा खर्च लागणार नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व.'

मेसेज तिने दोनदा वाचला. चांगला जमला होता. तिला स्वतःचं कौतुकही वाटलं.

ते कौतुक पोळ्याच्या आदल्या सकाळी उतरलं. माळ नुकतीच येऊन पडली होती, ती ठेवायला कल्याणराव आतल्या खोलीत गेले आणि तिथे बाजूला काढलेला एका बैलाचा साज त्यांना दिसला.

"हे कुनाचं हाय?"

"कड्याच्या ऑर्डरचं, मामा. अर्धं पाठवलं, हे आता पाठवते."

"अर्धं म्हंजी?"

तिने सांगितलं. म्हातारा मटकन पोत्यावर बसला.

"शिवा, शिवा! जोडी फोडलीस व्हय गं?"

"फोडली कुठे? एक आज, एक उद्या."

"अगं, एक बैल नटवायचा आन् दुसरा त्याच्या शेजारी तसाच उघडा उभा करायचा? दोघांच्या झुली धाडल्या असत्या, माळा मागनं गेल्या असत्या तर कुनी हू का चू केलं नसतं. आज खांदमळणी हाय. आज दोघांचे खांदे हळदी-लोण्यानं मळायचे आन् दोघांना आवतण द्यायचं, 'उद्या जेवायला या.' एकाला आवतण आन् एकाला न्हाई, असं कुनी करतंय का?"

वर्षाराणीने मोबाईल काढला. पहिलं पार्सल कालच पोचलं होतं, ट्रॅकिंगमध्ये 'वितरित' असं हिरव्या अक्षरांत दिसत होतं. अभिमन्यूला टाकलेल्या मेसेजपुढे मात्र अजून एकच खूण. पोचलाच नव्हता. फोन लावला तर बंद.

मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेसेज गेला पुण्याला आणि खोकं गेलं कड्याला! ज्याने खोकं उघडलं त्याला कोणी काहीच सांगितलेलं नव्हतं. आत एक साधी चिठ्ठीसुद्धा नव्हती.

"मामा, मी त्या वडलांनाच फोन लावते. कुरियरसाठी त्यांचा नंबर आहे."

"कावून? आपनच आपली चूक सांगत बसायचं व्हय? येतंय म्हनलं की झालं. गिऱ्हाइकाला लई सांगू नये."

तिने ऐकलं नाही. सासऱ्यांचा शब्द तिने मोडला तो आयुष्यात पहिल्यांदाच, आणि नंबर दाबला. फोन एका बाईने उचलला. कौशल्याबाई, अभिमन्यूची आई.

"मावशी, मी वडवणीहून बोलते, बैलांच्या साजाच्या दुकानातून. तुमच्याकडे एक खोकं आलंय ना?"

"आलंया," बाईचा आवाज कोरडा. "आलं ते लई बरं झालं. पोराच्या मनात काय हाय ते कळलं."

"म्हणजे?"

"तोंडानं बोलायची हिंमत न्हाई झाली त्याची. वरीसभर म्हनत व्हता, आप्पा, आता तुमच्यानं व्हत न्हाई, एक बैल इका आन् चुलत्यासंगं सायड करा, त्येंचा एक आन् आपला एक मिळून जुपा. ह्यांनी न्हाई ऐकलं. मग धाडला एकाच बैलाचा साज. हे खोक्याकडं बघत बसले रातीला. जेवले न्हाईत. सकाळी पाखऱ्याला सोडला आन् बाजाराला गेले."

"विकायला?"

"मग काय फिरायला? पोळ्याच्या तोंडावर दावनीचा बैल घिऊन कुनी बाजारात जातंय का, बाई? पन गेले. म्हनले, पोरानं सांगितलंय."

वर्षाराणीला खरंच रडू फुटलं. रडत रडतच ती बोलली. "मावशी, पोराने काही सांगितलं नाही हो! त्याने दोघांचाच साज मागवलाय, पैसेसुद्धा दोघांचे भरलेत. माळ कमी पडली म्हणून मीच एकाचा आधी पाठवला. त्याला कळवलं होतं, पण त्याचा फोन बंद आहे. चूक माझी आहे. पाखऱ्याचा साज इथं माझ्यासमोर पडलाय."

पलीकडून एकदम आरोळी ऐकू आली, "हरिबा भावजी! ओ भावजी! गाडी काढा, बाजारात जावा, पाखऱ्याला इकू देऊ नका!" आणि फोन कट.

आता वाट बघण्याशिवाय हातात काय होतं? बबनरावांचा मोबाईल घरीच, त्यावरच तर बाई बोलली होती. दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडालेली, आणि वर्षाराणी वेसण मागितली की कासरा काढून देत होती. बैल एकदा व्यापाऱ्याच्या गाडीत चढला की संपलं. कुठल्या गावाला जाईल, कोण शोधणार? तिच्या डोळ्यांसमोर न पाहिलेला पाखऱ्या सारखा येत होता, अंगावर काही नसलेला.

कल्याणराव मात्र उठले. गल्ला सोडून उठले, तेही पोळ्याच्या आदल्या दिवशी. त्यांनी स्वतः खोकं भरलं, सुतळीने करकचून बांधलं.

"कुरियरला देते मी," वर्षाराणी म्हणाली.

"त्ये पोचंल पोळ्यानंतर. मी जातो बीडला. नगरकडं जानारी गाडी कड्यावरनंच जाती. कंडक्टरच्या हाती देतो."

"आणि ट्रॅकिंग?"

"मी करतो तुझं ट्रॅकिंग," म्हातारा फटकळपणे म्हणाला आणि खोकं खांद्यावर टाकून निघाला.

दुपारी बीडच्या स्टँडवरून त्यांचा फोन आला. मागे एवढा गलका की ओरडूनच बोलत होते. "लिव! गाडीचा नंबर लिव. कंडक्टर जाडा हाय, मिशा हाईत, राधाकिशन नाव. खोकं ड्रायव्हरच्या मागच्या शिटाखाली. कड्याच्या स्टँडवर मानूस उभा ठिवा म्हनाव."

वर्षाराणीने ते सगळं कौशल्याबाईंना कळवायला फोन लावला. वाजत राहिला, कोणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा. शेवटी तिने वेबसाइट उघडली आणि दुसऱ्या पार्सलच्या ट्रॅकिंग नंबराच्या जागी एस.टी.चा नंबर टाकला. हात रिकामे राहिले की जीव घाबरा होत होता, म्हणून टाकला.

उन्हं उतरली तेव्हा फोन वाजला. कौशल्याबाईच होत्या.

"आले," त्या म्हणाल्या. "पाखऱ्याला घिऊनच आले."

वर्षाराणी मागच्या पोत्यावर बसली. सकाळी सासरे बसले होते त्याच.

"हरिबा भावजी गेले तवा हे झाडाखाली बसलेले, कासरा हाताला गुंडाळून. गिऱ्हाईक लई आलतं म्हनं. पन हे इचारील त्याला दुप्पट किंमत सांगायचे. येकजन तयार झाला तर आनिक वाढवली." बाई हसली, मग हसताहसता तिचा आवाज ओला झाला. "इकायला न्हेला आन् इकू न्हाई दिला. थांब, त्येंना देते."

बबनराव फोनवर आले. खाकरले. पोराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

"पाखऱ्याचं कदी येतंया?"

तिने गाडीचा नंबर सांगितला, मिशावाला राधाकिशन सांगितला, सीट सांगितली.

"मीच जातो स्टँडवर," ते म्हणाले. "मंग दोघांचे खांदे मळतो. आवतण द्यायचं र्‍हायलंय."

फोन ठेवून तिने डोळे पुसले, तोच मोबाईलवर खूण उमटली. अभिमन्यूचं कंपनीतलं दोन दिवसांचं मुक्कामी काम सुटलं असावं, गेटवर जमा केलेला मोबाईल मिळाला असावा. परवापासून लटकलेल्या तिच्या मेसेजपुढे दोन निळ्या खुणा आल्या आणि खाली उत्तर आलं:

'चालेल मॅडम. काही घाई नाही.'

वर्षाराणी त्या अक्षरांकडे बघत राहिली. सगळं सांगावं म्हणून तिने भरभर टाइप केलं, खोकं, बाजार, झाडाखाली बसलेला त्याचा बाप, सगळं. मग सगळं पुसलं. दुसऱ्या पार्सलचा तपशील कळवला आणि त्याखाली, दुकानदाराने गिऱ्हाइकाला लिहू नये असं एक वाक्य लिहिलं:

'आधी घरी फोन करा. वडील स्टँडवर गेलेत, आईशी बोला. दोन्ही बैल दावणीला आहेत.'