फळ्यावरचे छत्तीस सोफे

जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवून देणारा ताईंचा कारखाना दोन खोल्यांचा. पुढे शिलाई मशीन, त्यावर त्यांची भावजय. मागे फोमच्या ढिगाऱ्यात ठोकाठोक करणारे मामा. गिऱ्हाईक, मापं आणि फोन ताईंकडे.

मागच्या तिमाहीत सत्तावीस सोफे झाले होते. या वेळी ताईंनी छत्तीस धरले. बारा आठवडे, आठवड्याला तीन, असा सरळ भागाकार त्यांनी खडूने फळ्यावर मांडला.

पहिल्या आठवड्यात एकच झाला, दुसऱ्यात दोन. उरलेले ताईंनी पुढे ढकलले, आणि तिसऱ्या आठवड्याखाली सहाचा आकडा आला. मामा फळ्याकडे पाठ करून बसू लागले.

"सहा म्हणजे काय चेष्टा आहे का, ताई? जुनं कापड सोलायलाच अर्धा दिवस जातो."

"मग मी काय करू, मामा?"

भावजयीने मशीन थांबवलं. "राग मानू नका. काल दुपारभर माझं मशीन गप्प होतं. दोन्ही गिऱ्हाइकांनी कापड पसंत केलं नव्हतं. ते काम कुणाचं?"

ते काम ताईंचं होतं. त्यांना लागलं. चहा तसाच ठेवून त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि शनिवारपासून उलटा हिशेब मांडत मागे आल्या. शनिवारी सोफा घरपोच करायचा, तर गुरुवारी कव्हर शिवून हवं. त्यासाठी मंगळवारी सांगाडा उघडा हवा, आणि कापड तर आदल्या शुक्रवारीच ठरायला हवं.

मग त्यांनी फळा पुसला. स्वतःच्या नावापुढे लिहिलं: आठवड्याला चार घरं, मापं घेऊन कापड पक्कं. चारांतलं एखादं गिऱ्हाईक हटकून मागे फिरतं, हे त्यांना ठाऊक होतं. मंगळवारपर्यंत तीन सांगाडे, हे मामांचं. गुरुवारपर्यंत तीन कव्हरं, हे भावजयीचं. तिमाहीतला तेरावा आठवडा, जो आधी धरलाच नव्हता, तो कोरा ठेवला.

"हा रिकामा कशाला?" मामांनी विचारलं.

"काहीतरी बिघडतंच, म्हणून."

उरलेल्या दहा आठवड्यांचे तीस आणि झालेले तीन. ताईंनी छत्तीसच्या जागी तेहतीस लिहिले.

त्यानंतर दर सोमवारी तिघं उभ्याउभ्याच बोलायची: काय झालं, काय अडलं, कुणी काय उचलायचं. काही आठवडे ताईंची चारच्या जागी दोनच घरं व्हायची. तेव्हा त्या हिशेबाला बसण्याआधी फोन उचलून तिसऱ्या सोफ्याचं कापड पक्कं करायच्या.

नवव्या आठवड्यात मामांची कंबर धरली आणि एकही सोफा निघाला नाही. ताईंनी दहाव्यात सहा लिहिले नाहीत. कोऱ्या आठवड्यात दोन भरून निघाले, एक राहिला.

बत्तीस झाले. तेहतीस नव्हेत, छत्तीस तर नव्हेतच. पुढच्या तिमाहीचा आकडा लिहायला ताईंनी खडू उचलला आणि आधी मामांना विचारलं, "किती झेपतील?"

"कंबर बघून सांगतो," मामा म्हणाले आणि पुन्हा ठोकायला लागले.