अक्षराखालची शेपटी

रोस्विता क्लेम यांच्या फोनवर रिम्माच्या पत्राचा फोटो आला तेव्हा त्या बटाटे सोलत होत्या. हात न पुसताच त्यांनी फोन उचलला. पाठवणारी रिम्माची शेजारीण ल्यूदा होती. तिनं खाली एवढंच लिहिलं होतं, "रिम्मानं पाठवायला सांगितलं. पोस्टाचा काही भरवसा नाही."

गेली दोन-तीन वर्षं रशियातून कागद येईनासे झाले होते. रिम्माकडं साधा फोन, त्यामुळं ही फोटोची वाट. रोस्विताबाईंनी बटाटे तसेच पाण्यात सोडले नि खिडकीशी बसल्या.

फोटो वाईट होता. ल्यूदानं दिव्याखाली उभं राहून काढला होता, तिच्याच हाताची सावली निम्म्या पानावर पडली होती. कागद चौकटींच्या वहीतला, पातळ, चार घड्या घातलेला. घड्यांच्या रेघांवरची अक्षरं फुटली होती. त्यात भर म्हणजे मागच्या बाजूचं लिखाण उलटं होऊन पुढं उमटलं होतं. मोठं करून पाहावं तर नुसते करडे ठिपके.

"वाचेन की," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "तुझं नाही वाचायचं तर कुणाचं वाचायचं?"

रिम्मा आणि त्या तेराव्या वर्षापासूनच्या पत्रमैत्रिणी. त्या काळी पूर्व जर्मनीतल्या शाळेत रशियन सक्तीचं होतं आणि शिक्षिका वर्गात रशियन मुलींच्या पत्त्यांच्या चिठ्ठ्या वाटायच्या. बाकीच्या मुलींची पत्रं वर्षा-दोन वर्षांत आटली. रोस्विताची चालू राहिली. पुढं तीच भाषा त्यांनी शाळेत शिकवली. मग देश एक झाला, रशियन कुणालाच नको झालं, आणि बाईंना एका उन्हाळ्यात इंग्रजी शिकून पोरांपुढं उभं राहावं लागलं. पोरं उच्चारांवर हसायची. निवृत्त होईपर्यंत हसली. वोलोग्दाहून येणारी रिम्माची पत्रं, जांभळ्या शाईतली, वळणदार, हीच काय ती जागा उरली होती जिथं त्या अजून रशियनच्या बाई होत्या.

कामाला त्या पद्धतशीर लागल्या. फोटो टॅबलेटवर घेतला, रंग काढून करडा केला, उजेड चढवला, सावलीतला भाग वेगळा कापून त्याला आणखी चढवला. मग रिम्माची जुनी पत्रं काढली आणि तिच्या एकेका अक्षराचे नमुने एका कागदावर उतरवून घेतले: शब्दाच्या सुरुवातीचं, मधलं, शेवटचं.

रशियन हस्ताक्षराची खोड ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल. निम्मी अक्षरं म्हणजे ओळीनं उभे, गळासारखे वाकडे आकडेच असतात. दोन आकडे एक अक्षर, तीन आकडे दुसरं, आरंभी बारीक गाठ असली की तिसरंच. जुन्या शिस्तीची माणसं तीन आकड्यांच्या 'श'खाली एक आडवी रेघ ओढतात, आणि तीनच पायांच्या 'त'वर एक. वाचणाऱ्याची सोय. रिम्माही ओढायची. पण मध्यंतरी तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. आताच्या कागदावर रेघा नव्हत्या, नुसते थरथरते आकडे होते. बाई पेन्सिलनं आकडे मोजत, नमुन्याशी ताडून पाहत आणि शब्द लिहीत.

दोन दिवसांत बरंचसं पान लागलं. उजवा हात अजून साथ देत नाही. बटाटे ल्यूदाच काढून देते. मग सावलीतली ओळ: झोयानं, म्हणजे रिम्माच्या मुलीनं, "तुझं पत्र वाचलं." बाई हरखल्या. झोयाला त्यांनी पाळण्यातली असल्यापासून पत्रांतून वाढताना पाहिलं होतं. पुढं "आता येत नाही" असं काहीसं, आणि अगदी तळाला, घडीवर, एक वाक्य. "रोस्या, मी तुला" आणि मग फुटलेला शब्द. त्याची शेवटची दोनच अक्षरं शिल्लक. तो 'हे' असू शकत होता, 'काही' असू शकत होता, रशियनमध्ये दोन्हींचा शेवट सारखाच. त्यापुढं 'नाही', आणि शेवटी 'प्रोशू'.

प्रोशू म्हणजे मागते. रोस्या, मी तुला काही मागत नाही. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारी, एकटी, आणि तरी काही मागत नाही म्हणते!

शनिवारी वाल्डेमार फ्रीझन बागेत आला. गावाबाहेरच्या भाड्याच्या बागांत त्याची वाफ्यांची पट्टी बाईंच्या पट्टीला लागून होती. माणूस कझाकस्तानात वाढलेला जर्मन, भिंती रंगवून निवृत्त झालेला, रशियन त्याच्या घरातली भाषा. बाईंनी बटाटे, दही-चक्का आणि जवसाचं तेल मांडलं होतं. टॅबलेट त्याच्यापुढं सरकवला.

"वाचा बरं शेवटची ओळ."

वाल्डेमारनं चष्मा कपाळावर चढवला, फोटो नाकापाशी नेला.

"तुम्ही काय वाचलंत, बाई?"

"काही मागत नाही."

"हं." त्यानं बटाट्यावर मीठ टाकलं. "हे प्रोशू नाही. प्रोश्चू आहे. शेवटच्या आकड्याला शेपटी आहे, बघा."

प्रोश्चू म्हणजे माफ करीन. दोन शब्दांत फरक तेवढाच, अक्षराच्या बुडाशी लोंबणारी एक बारीक शेपटी.

"ती मागच्या बाजूची शाई आहे," बाई चटकन म्हणाल्या. "सगळ्या पानभर उमटली आहे."

"असेल."

"असेल काय, आहेच! माफ करायला मी तिचं केलंय काय?"

वाल्डेमारनं चमचा खाली ठेवला. "वाचनालयात त्या काचेच्या पेटीत तिचं पत्र लावलं होतंत ना वसंतात? मी वाचलं ते. उभ्या-उभ्या. मला वाटलं, तिला विचारून लावलं असेल."

बाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. "इथं कुणाला येतंय ते वाचायला?"

"मला येतं."

"तुम्ही सोडून."

"आमच्या रस्त्यावर निम्म्यांना येतं, बाई. तुम्ही आम्हाला कधी मोजलंच नाहीत." हे तो चिडून म्हणाला नाही. दह्याचं भांडं पुढं सरकवलं नि विषय बदलला.

बाई घरी आल्या त्या तडकलेल्याच. जर्मन-रशियन शाळाशाळांतल्या जुन्या मैत्रीचं प्रदर्शन होतं ते. कितीतरी वर्षांनी कुणीतरी त्यांना रशियनसाठी बोलावलं होतं. त्यांनी सगळ्यांत देखणं पत्र निवडलं, झोयाच्या जन्मानंतरच्या वर्षीचं, कडेला व्हायोलेटची फुलं काढलेलं. त्यात रिम्मानं लिहिलं होतं की झोया माझ्या नवऱ्याची, अनातोलीची नाही, रेल्वेची जमीन मोजायला आलेल्या एका माणसाची आहे, आणि हे तुझ्याशिवाय जगात कुणाला ठाऊक नाही. बाईंना मजकूर आठवत नव्हता असं नाही. चांगला आठवत होता. पेटीपाशी थांबून लोक "किती सुंदर अक्षर!" म्हणत तेव्हा, या सुंदर अक्षरात मला काय सांगितलंय ते तुम्हाला काय माहीत, असं वाटून त्यांना सुख व्हायचं.

त्यांनी ल्यूदाला निरोप टाकला: मागच्या बाजूचाही फोटो काढ, दिवसाउजेडी, खिडकीशी, कागद सपाट ठेवून. फोटो यायला आठवडा गेला. त्या आठवड्यात बाईंनी मनाशी पुन्हा पुन्हा म्हटलं, मागचीच शाई.

मागच्या बाजूला पत्र नव्हतंच. जुन्या वहीतलं पेरणीचं टिपण होतं: काकडी कधी, शेपू कधी, मुळा कुठं. रिम्मानं त्यांना लिहायला कोरा कागदसुद्धा घेतला नव्हता.

बाईंनी मागचा फोटो आरशासारखा उलटा केला, अर्धा पारदर्शक केला आणि पुढच्या फोटोवर ठेवला. घड्या घड्यांवर बसवल्या, कागदाचे कोपरे कोपऱ्यांवर. पुढं उमटलेले करडे डाग एकेक करून मागच्या अक्षरांवर बरोबर बसले. काकडीचा फराटा बसला. मुळ्याचा बसला. शेपटीच्या जागी मागं काहीच नव्हतं. कोरा चौकोन. शेपटी पुढचीच होती, रिम्माच्या हातची, आणि नीट पाहिलं तर बाकीच्या आकड्यांपेक्षा दाबून ओढलेली.

आणि खरं सांगायचं तर व्याकरणानं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रशियनमध्ये कुणापाशी काही मागायचं तर 'पाशी'साठी एका अक्षराचा वेगळा शब्द लागतो. तो त्या ओळीत नव्हता. कुणा पोरानं तो गाळला असता तर बाईंनी लाल शाईनं वही भरून टाकली असती. रिम्मासाठी मात्र त्यांनी म्हटलं होतं, आजारी आहे, राहिला असेल.

मग त्यांनी सावलीतली ओळ पुन्हा घेतली. सोबत ल्यूदानं पुढच्या बाजूचाही दिवसाउजेडीचा फोटो पाठवला होता, त्यात सावली नव्हती. 'तुझं' म्हणून वाचलेल्या शब्दात एक अक्षर कमी निघालं. तो शब्द 'माझं' होता. झोयानं माझं पत्र वाचलं. पुढचं आता सरळ लागत गेलं: तुमच्या वाचनालयाच्या पानावर, संगणकावर. माझ्या सत्तरीसाठी जुने फोटो शोधायला म्हणून माझं नाव घातलं तिनं. माझं अक्षर तिला ओळखू येणारच. अनातोलीच्या थडग्यावर तिनं फुलं ठेवायची बंद केली. आता मी बापाचं नाव कुणाचं लावू, असं विचारून गेली. आता येत नाही.

रोस्या, मी तुला हे माफ करणार नाही.

सोमवारी बाई वाचनालयात गेल्या. काचेची पेटी केव्हाच हलली होती, तिथं आता पक्ष्यांची घरटी होती. संगणकावरचं पान मात्र तसंच होतं, पत्राचा फोटो अक्षर न् अक्षर वाचता येईल असा स्वच्छ, खाली रिम्माचं नाव, गाव, सगळं. ते बाईंनीच लिहून दिलं होतं.

"काढून टाका," त्या म्हणाल्या.

"अहो, सगळ्यांत जास्त लोकांनी हेच पाहिलं!" काउंटरवरची बाई म्हणाली. "काही चुकलंय का?"

"काढा."

तिनं काढलं. दोन बटणांचं काम.

बाईंनी क्षमेचं पत्र लिहिलं. तीन खर्डे फाडले. प्रत्येक खर्ड्यात कुठंतरी "मला वाटलं नव्हतं" असं येत होतं, आणि लाल शाईची सवय असलेला त्यांचा हात तिथंच अडत होता. शेवटी चार ओळी उरल्या. खिडकीशी कागद सपाट ठेवून त्यांनी स्वच्छ फोटो काढला आणि ल्यूदाला पाठवला.

उत्तर संध्याकाळी आलं. "मी वाचून दाखवायला घेतलं होतं. ती म्हणाली, रोस्विताचं असेल तर नको. पुन्हा पाठवू नका, मला मध्ये पडायला लागतं." रोस्विता, असं पूर्ण नाव रिम्मानं त्यांना उभ्या आयुष्यात कधी लावलं नव्हतं.

वाल्डेमारला त्यांनी पुढच्या शनिवारी सांगितलं. तो वाफ्यातलं तण उपटत ऐकत राहिला.

"तुमचं बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "शेपटी होती."

"मला चूक ठरायला आवडलं असतं," तो म्हणाला, नि बादली उचलून पाणी आणायला गेला. बाईंनी त्याच्यासाठी बटाटे आणले होते. ते कुंपणावर ठेवून त्या घरी गेल्या.