उडी मारून चिकटलेलं मूल

मी कांदिवलीच्या एका क्लासमध्ये अकरावीला फिजिक्स शिकवते. फिरत्या मेरी-गो-राउंडवर मूल उडी मारतं, हे गणित दर वर्षी घेते. मूल सरळ मध्याच्या दिशेने धावत येतं, म्हणून त्याचं स्वतःचं अँग्युलर मोमेंटम, म्हणजे गोल फिरण्याचा जोर, शून्य. चढून ते चिकटतं, म्हणजे परफेक्टली इनइलॅस्टिक कोलिजन, आदळून एकत्रच राहणारी टक्कर. अँग्युलर मोमेंटम टिकतं, एनर्जी टिकत नाही. चक्राची इनर्शिया, म्हणजे वेग बदलायला होणारा विरोध, दोनशे, मुलाची शंभर, म्हणून वेग उरतो दोन-तृतीयांश. गेलेली एनर्जी कुठे गेली विचारलं की "उष्णता, आवाज" म्हणून मी पुढे सरकते. घरी तयारी मोठ्याने बोलत करायची माझी खोड, त्यामुळे माझ्या आठ वर्षांच्या मुलीलाही ते पाठ झालं होतं.

त्या संध्याकाळी चारकोपच्या बागेत मोठ्या मुलांनी लोखंडी चक्र गरागरा फिरवलं आणि स्वतःही वर चढली. मधोमध माझा चार वर्षांचा धाकटा दांड्याला धरून रडत होता. मी बाकावरून उठेपर्यंत मुलगी धावत सुटली होती, सरळ मध्याच्या दिशेने.

"थांब गं!" मी ओरडले.

"मी चढले की स्लो होईल, मम्मी!"

तिने कडेचा दांडा पकडला. हात चक्राबरोबर गेले, पाय बाहेर लोंबकळले. वेग जेमतेम कमी झाला. गणितातलं मूल पंचवीस किलोचं, चक्र हलकं. इथे चक्र जड, त्यावर चार दांडगट, आणि माझी मुलगी म्हणजे नुसती काडी. दर वर्षी फळ्यावर मी किती सहज लिहिते, मूल चिकटतं. ते चिकटणं म्हणजे तिची दहा बोटं होती आणि ती सुटत चालली होती.

चक्राच्या बाजूने त्याच्याच वेगाने पळत चढले असते तर मला धक्का बसला नसता, पण चक्रही मंदावलं नसतं. म्हणून मीही सरळ आत उडी मारली. खांद्यात कळ गेली. साठ किलोंनी चक्र चांगलंच मंदावलं. एका हाताने मी तिचा फ्रॉक पकडला आणि पाय जमिनीवर घासत ते थांबवलं. धाकट्याला उचलून खाली घेतलं. त्या दांडगटांना मी इतकं झापलं की सगळी बाग बघत राहिली.

घरी आल्यावर तिच्या सोललेल्या तळव्यांना मलम लावत होते. एनर्जी कुठे जाते ते मला दिसत होतं.

"मी चढले तेव्हा थोडं स्लो झालं ना गं?" तिने विचारलं.

झालंच होतं. खोटं कसं बोलू? "झालं," मी म्हटलं, "पण पुन्हा असं कधी चढायचं नाही."

"आणि छोटू परत वर रडत असला तर?"

म्हणजे ती पुन्हा चढणारच होती. बागेत वाटली नव्हती इतकी भीती मला तेव्हा वाटली.