‘घे’ म्हटलं की भाव का पळतो

माझा आवाज मोठा आहे. आमच्या मुरगूडच्या घरात कुणी हळू बोललं की आई कपाळाला हात लावून ताप बघायची. त्यामुळे कोल्हापुरातल्या त्या वायदेबाजाराच्या ऑफिसात मला नोकरी लागली, तेव्हा खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला ओरडायचं काम आहे हे कळून मी खूशच झाले.

ऑफिस मार्केट यार्डाजवळ, एका अडत दुकानाच्या माडीवर. गुळाचे वायदे नुकतेच कॉम्प्युटरवर सुरू झाले होते. मी संख्याशास्त्रात एमएस्सी करून आले होते आणि एक्सेलमध्ये एक रुटीन, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिलं होतं. बाजारातला भाव क्षणाक्षणाला त्या शीटमध्ये यायचा, रुटीन मागच्या भावांशी ताडून बघायचं आणि वेळ आली की ‘घे’ किंवा ‘वीक’ असं लाल अक्षरात दाखवायचं. त्याच क्षणी वेळ आणि भाव त्याच शीटमधल्या नोंदवहीत उतरवून ठेवायचं. तो माझा अपेक्षित भाव. रुटीनला स्वतः ऑर्डर टाकता येत नव्हती, म्हणून मी ते अक्षर वाचून ओरडायची आणि पलीकडच्या टर्मिनलवर बसलेला डीलर ऑर्डर टाकायचा. पैसा मालकांचा, त्यांच्या स्वतःच्या खात्यातला. दर वेळी दहा लॉट, एक लॉट दहा टनांचा.

डीलर माझ्याच वयाचा, सुभाषरोडवर सायकलदुरुस्तीचं दुकान असलेल्या मुसलमान घरातला. तो मला मॅडम म्हणायचा, मी त्याला भाऊ म्हणायची, आणि मनातून मला तो गोगलगाय वाटायचा. कारण काही नाही. तो शांत होता, एवढंच. शांत माणसाचा मला आजही संशय येतो.

पहिल्या महिन्यात रुटीनच्या कागदावर फायदा झाला आणि खात्यात जवळजवळ काहीच नाही. मालक म्हणाले, “पोरी, तुझं मशीन म्हणतंय मी राजा झालोय, आन् बँक म्हणतीय न्हाय. खरं कोन?”

मी म्हटलं, स्लिपेज मोजते. ज्या भावाला सौदा होईल असं धरलं आणि ज्या भावाला तो खरोखर झाला, त्यातला फरक. नोंदवहीत अपेक्षित भाव होताच. रोज संध्याकाळी टर्मिनलच्या ट्रेड बुकमधून खरा भाव उतरवून त्याच्या शेजारी घातला आणि वजाबाकी केली. सरासरी आली शून्य. चक्क शून्य! मी खुर्चीवरून उठून गिरकी घेतली आणि खालून सगळ्यांसाठी भजी मागवली. मालकांनी भजी खात खात कागद बघितला. ते सातवीपर्यंत शिकलेले.

“हे बघ,” ते म्हणाले, “घेताना चारशे साडेऐंशी धरलंतं, साडेएक्याऐंशीला मिळालं. एक रुपाया जादा. इकताना चौऱ्याऐंशी धरलंतं, त्र्याऐंशीलाच गेलं. तू लिवलंयस उणे एक. इकताना कमी मिळालं ते फायद्यात धरलंस व्हय गं?”

मी हातातलं भजं खाली ठेवलं. खरेदीत मिळालेल्या भावातून अपेक्षित भाव वजा करायचा आणि विक्रीत उलट, अपेक्षितातून मिळालेला वजा करायचा, म्हणजे दोन्हीकडचा तोटा तोटा म्हणूनच दिसतो. मी दोन्हीकडे एकच वजाबाकी केली होती आणि तोट्यांनी एकमेकांना खाऊन टाकलं होतं. एमएस्सी! चिन्हं सुधारली तर सरासरी स्लिपेज आलं एक रुपया. भाव चाळीस किलोचा असायचा, त्यावर एक रुपया, म्हणजे दहा लॉटला, शंभर टनाला, अडीच हजार. जाताना एकदा आणि येताना पुन्हा. फायदा सगळा तिथंच वाहून जात होता.

मालक डीलरच्या पाठीकडे बघत हळू म्हणाले, “हात जड हाय त्येचा, ऑर्डर टाकायला येळ लावतोय. एक तारखेपास्नं साडूच्या पोराला बशिवतो.”

मी काय म्हणावं? मी म्हटलं, “मलाही तसंच वाटतं. पुरावा काढून देते.” आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा माझ्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. माझं रुटीन निर्दोष ठरणार होतं! नाचता येईना अंगण वाकडे म्हणतात ते मीच, आणि अंगणाची तक्रार लिहून द्यायलाही तयार.

त्याला न सांगता मी नोंदवहीत आणखी एक रकाना घातला. ऑर्डर किती वाजता गेली ती वेळ टर्मिनलच्या ऑर्डर बुकात असायची, त्यातून सिग्नलची वेळ वजा केली की त्याचा उशीर निघणार. दोन मशीनची घड्याळं सात सेकंदांनी पुढंमागं होती, ती आधी जुळवली, एवढी अक्कल मात्र होती. दोन आठवडे मोजलं.

दोन सेकंद. तीन सेकंद. दोन. दोन. माणूस होता की काय होता! स्लिपेज दहा पैसे असो की दीड रुपया, त्याचे दोन सेकंद ते दोनच सेकंद. मी चिडले. मग स्लिपेजप्रमाणे ओळी मोठ्यापासून लहानापर्यंत लावून बघितल्या, तर वर सगळ्या दुपारच्या आणि खाली सगळ्या सकाळच्या. सकाळी याची बोटं हलकी आणि दुपारी जेवल्यावर जड, असंही म्हणता येईना, कारण सेकंद तेवढेच.

मालकांचा हुकूम असा होता की दहा लॉट एकदम टाकून बाजाराला घाबरवायचं नाही, दोन-दोनचे पाच तुकडे करायचे. मी आळसानं वहीत पाचांची सरासरीच तेवढी उतरवत होते. त्या दिवशी तुकडे सुटे करून बघितले. दुपारचा एक सौदा, अपेक्षित ४८०.५०. पहिला तुकडा ४८०.५० लाच. दुसरा ४८१. तिसरा ४८१.५०. चौथा ४८२. पाचवा ४८२.५०. सगळ्या दुपारी हीच तऱ्हा, पहिला तुकडा बरोबर आणि पुढे भाव पायऱ्या चढत गेलेला. म्हणजे त्याचा हात पोचत होता वेळेवर. पहिल्या आणि पाचव्या तुकड्यांच्या मध्ये कुणीतरी भाव ढकलत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाल अक्षर आलं. मी ओरडले, “घेऽऽ!” आणि आयुष्यात पहिल्यांदा, ओरडल्यावर स्क्रीनकडे न बघता खोलीकडे बघितलं.

भिंतीकडेच्या बाकावर गुळाचे व्यापारी बसलेले असायचे. सकाळी ते यार्डात सौद्याला असत, सौदे आटोपले की चहाला आमच्याकडे. माझ्या ओरडण्याबरोबर सहाच्या सहा जण उठले. “मालक, माजं बी पाच घ्या!” “धा घ्या, धा!” “पोरगी घे म्हनतीय!” आणि गिऱ्हाइकांच्या टर्मिनलवर स्वतः आमचे मालक, चष्मा कपाळावर सारून, दोन्ही हातांनी त्यांची खरेदी टाकत होते. गुळाच्या वायद्यात विकणारे असे किती, चार-चार लॉटवाले. त्यांचा माल ह्या व्यापाऱ्यांनीच उचलला की डीलरच्या पुढच्या तुकड्यांना वरचाच भाव. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी टेबलावर डोकं टेकून हसायला लागले. मला थांबताच येईना. डीलर ऑर्डरी संपवून घाबरून उठला. “मॅडम, काय झालं? पानी आनू?”

संध्याकाळी बाक रिकामा झाल्यावर मी मालकांसमोर नोंदवहीची छापील पानं ठेवली. सकाळ, दुपार, पाच तुकडे, सगळं बोट ठेवून दाखवलं. साडूच्या पोराचा विषय मीच काढला. म्हटलं, “मालक, ह्याचा दोष नाही. दोष माझ्या गळ्याचा, आणि थोडा तुमच्या बोटांचा.”

त्यांनी पानं पुन्हा एकदा उलटून बघितली. मला वाटलं आता माझीही एक तारीख ठरली. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. “म्हंजे दलाली मिळाली म्हनून मी हिकडं खुशीत, आन् तिकडं माजाच खड्डा माज्याच हातानं? वा रं मर्दा!” आणि असे हसले की खालच्या दुकानातला हमाल वर बघायला आला.

दुसऱ्या दिवशी माझं टेबल ओढून डीलरच्या टेबलाला लावलं. पेन्सिल उभी धरली की घे, आडवी ठेवली की वीक. तोंडातून अक्षर नाही. दुपारभर गप्प बसायचं म्हणून मी दुसरी एक पेन्सिल चावून संपवली. बाकावरचे व्यापारी चुळबुळले. एक जण मालकांना विचारत होता, “पोरगी आजारी हाय काय हो? डाक्तर बघा की.” तेवढ्यात ‘वीक’ आलं, ४८४ ला. पेन्सिल आडवी. तीन तुकडे ४८४ ला गेले, दोन ४८३.५० ला. सरासरी ४८३.८०. स्लिपेज वीस पैसे! मी टेबलाखाली पाय आपटले, डीलर स्क्रीनकडेच बघत दात काढून हसला, मालकांनी चष्मा खाली घेतला आणि काहीच झालं नाही असं दाखवत व्यापाऱ्यांना चहा सांगितला.

आठवडाभर तसंच गेलं. एक तारीख आली आणि गेली, साडूचं पोरगं आलं नाही. ते येणार होतं हे डीलरला माहीत होतं, हे त्यानं “आलं न्हाय न्हवं ते पोरगं?” असं हळूच विचारलं तेव्हा मला कळलं. त्याच संध्याकाळी मी सगळ्या सौद्यांचा छापील कागद मालकांसाठी काढला होता, तो त्यानं प्रिंटरमधून उचलला आणि त्याचं बोट सेकंदांच्या रकान्यावर थांबलं.

“हे माजं हाय?”

“हो. दोन सेकंद. कधी तीन. भाऊ, तुम्ही फार जलद आहात.”

“मोजत हुता व्हय तुमी?”

मी मान हलवली.

“ह्येची एक कापी घरला नेऊ? अब्बा म्हनत्यात मी सुस्त हाय.”

मी हो म्हणाले आणि मग मला आठवलं, त्या रकान्याला नाव मीच दिलं होतं, एकही आकडा भरण्याआधी, ठळक अक्षरात: ‘डीलरची चूक’. त्यानं ते वाचलं होतं. मी हात पुढे केला. म्हटलं, “द्या इकडे, नाव बदलून दुसरी काढते.”

“ऱ्हाऊ दे की,” तो म्हणाला, “आकडं बरोबर हाईत न्हवं?” आणि कागदाची चौकोनी घडी घालून त्यानं वरच्या खिशात ठेवली.