दांड्याची उंची

भोपाळच्या अशोका गार्डनमधल्या एका छापखान्यात मी मशीन दुरुस्तीचं काम बघते. कागदाचे गठ्ठे गोदामात नेणारी चारचाकी लोखंडी गाडी काका ढकलायचे. नागपूरकडचे, वय साठीच्या आसपास, उंचीला माझ्या खांद्याइतके. गाडीचा दांडा त्यांच्या कंबरेशी होता. त्यामुळे दिवसभर वाकून त्यांची कंबर धरायची.

मला ते बघवेना. एका रविवारी एकटीने वेल्डिंग मशीन काढलं, जुना दांडा कापला आणि उंच बसवला. माप? मी स्वतः गाडीमागे उभी राहिले. हात छातीसमोर आरामात आले, तिथे खूण केली. घरचे मला बांबू म्हणतात ते उगीच नाही, पण तेव्हा ते डोक्यातच आलं नाही.

सोमवारी दांडा काकांच्या हनुवटीशी आला. चार पावलं ढकलून ते म्हणाले, "मस्त झालं ताई. कंबर एकदम फ्री." सपाट फरशीवर खरंच सोपं होतं. माझी छाती फुगली.

गोदामासमोर छोटा चढ आहे. तिथे नुसते हात पुरत नाहीत. आपण गाडीला जितकं रेटतो, तितकीच ती आपल्याला मागे लोटते. पाय मागे रोवून, अंग पुढे झोकून तो लोट जमिनीत उतरवावा लागतो. दांडा जितका उंच, तितकं जास्त झोकावं लागतं. पूर्वी काका तिथे खाली वाकून, सगळं वजन दांड्यामागे टाकून चढायचे. आता हात हनुवटीशी, अंग जवळजवळ ताठ. जोर लावला की तेच मागे जायचे. त्यांना खाली धरायला मी काही ठेवलंच नव्हतं.

आठव्या दिवशी भरलेली गाडी अर्ध्या चढावरून उलटी आली. काका मागे कोलमडले आणि चाक घोट्यावरून गेलं.

हाड नीट जुळलं नाही. मला फार अपराधी वाटत होतं, तरी दोन महिने त्यांच्या घरी जायची हिंमत झाली नाही. गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. मी विचारलं, "काका, चढावर जमत नव्हतं, तर बोलला का नाहीत?"

"पहिल्याच दिवशी समजलं होतं ना ताई. पण तुम्ही माझ्यासाठी छुट्टीच्या दिवशी येऊन बनवलं. म्हटलं, कसं सांगू? होईल आदत."

त्यांची बायको चहा घेऊन आली. काका तिला म्हणाले, "ह्याच त्या ताई, ज्यांनी माझी कंबर वाचवली."

मी दांडा पुन्हा खाली घेतला आहे. बसवताना त्यांच्या कंबरेचं माप हवं होतं. ते आता सरळ उभे राहू शकत नाहीत.