आत्याची छुई आणि उघड्या काँक्रीटचं वाचनालय

माझ्या आत्याला ती इमारत शेवटपर्यंत आवडली नाही.

आणि आज ती उभी आहे, ती आत्यामुळेच.

सुशीलाआत्याला जाऊन आज वर्ष झालं. सोबतच्या फोटोत तिच्या मागे दिसतंय ते आमच्या तालुक्याच्या गावातलं वाचनालय. सत्तरच्या दशकातलं. गिलावा नाही, रंग नाही, नुसतं काँक्रीट. खिडक्यांपुढे ऊन अडवायला उभे जाड पडदे, तेही काँक्रीटचेच.

आत्याचं सासर बरोबर समोर. मी कॉलेजसाठी आमच्या करडी गावाहून तिच्याकडे राहायला आले, त्याच वर्षी उद्घाटन झालं. भाषणं झाली, मांडव उतरला, तरी आत्या दारात वाट पाहत उभी.

"गिलावा कधी करतीन व हे?"

"आत्या, झालं ते. असंच ठेवणार आहेत."

"काहून? पैसे संपले का?"

मला चौकशीची भारी हौस. साइटवरच्या इंजिनीअरला जाऊन विचारलं. ते म्हणाले, material जसं आहे तसं दाखवायचं, झाकायचं नाही, हीच नवी पद्धत आहे.

आत्याला येऊन सांगितलं. ती म्हणाली, "मंग आपण तरी लुगडं कायले नेसावं?"

पण तिचा खरा राग गिलाव्याचा नव्हता.

काँक्रीट ओतायला लाकडी फळ्यांचा साचा लागतो. फळ्या कमी पडल्या, तेव्हा ठेकेदार करडीला माझ्या आजोबांकडे, म्हणजे आत्याच्या वडिलांकडे गेला. गावच्या नाटकाचा मंच आजोबांनी स्वतः बनवला होता. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेत, त्यावर रात्रभर नाटक चालायचं.

"वाचनालय होऊन राहिलं, द्यायलेच पाहिजे," म्हणत आजोबांनी मंच उकलून दिला.

फळ्या परत आल्या त्या वाकलेल्या, सिमेंटने माखलेल्या. चुलीत गेल्या. त्या वर्षी नाटक जमिनीवरच झालं. पुढच्या मंडईला आजोबाच नव्हते. मंच पुन्हा कोणी बनवला नाही.

"माह्या बापाचा मंच खाल्ला या बिल्डिंगनं." हे मी आत्याच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल.

तरी दिवाळी आली तशी तिला ती उघडी भिंत बघवेना. आपल्याकडे सणाला भिंत बोडकी ठेवत नाहीत. गल्लीतल्या बायांना घेऊन ती छुईच्या बादल्या भरून निघाली. छुई म्हणजे आपली घराला सारवायची पांढरी माती. वऱ्हांड्याची अख्खी भिंत त्यांनी घरासारखी पोतून काढली. चौकीदार हसत बसला होता.

ऐंशीच्या दशकात दर दिवाळीला हेच. पुढे गुडघे गेले, तेव्हा ती खुर्ची टाकून बसायची आणि आमच्याकडून पोतून घ्यायची.

दर्शनी बाजूला मात्र ऑफिसने ऑइल पेंट मारला. आधी पिवळा, मग गुलाबी.

इमारतीने लोकांना कारणंही भरपूर दिली. सपाट छत गळायचं. पावसाचे काळे ओघळ. पाणी आतल्या सळीपर्यंत पोचलं की सळी गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट खपल्यांनी पडतं. गाव तिला गोडाऊनच म्हणायचं.

शेवटी पाडायचं ठरलं. जागी काचेची नवी इमारत.

आणि तेव्हाच नागपूरहून वैदेही नावाची तरुण architect फोटो काढायला आली. मला नवल वाटलं. यात बघायचं काय?

ती म्हणाली, "काकू, पूर्वी हे लोकांना फक्त अर्धवट आणि सरकारी वाटायचं. आता अशा इमारती एकेक पडायला लागल्या, तेव्हा आम्ही नीट बघतोय. हे मशीनचं काम नाही. बायांनी डोक्यावर घमेली वाहून ओतलंय. आणि राजवाडा नाही, सगळ्यांसाठी वाचनालय. स्वातंत्र्यानंतर आपण काय बांधायचं ठरवलं, ते यात दिसतं."

ऊन अडवणारे पडदे अजून नीट काम करतात, हे तिने मला वऱ्हांड्यात उभं करून दाखवलं. पाडून नवं बांधायचं तर तेवढं सिमेंट बनवायला पुन्हा इंधन जाळायचं, हेही. सगळ्याच अशा इमारती वाचवण्याजोग्या नसतात, हे तिनेच सांगितलं.

मग तिने दर्शनी बाजूला आणि वऱ्हांड्यात, दोन्हीकडे थोडी थोडी भिंत साफ करून पाहिली.

ऑइल पेंट निघेना. खरवडलं तर काँक्रीटची सालही सोबत येत होती. वर उमटलेलं सगळं गेलं असतं.

छुई मात्र पाण्याने आणि मऊ ब्रशने अलगद उतरली.

खाली फळ्या होत्या.

म्हणजे फळ्यांचे ठसे. लाकडाच्या रेषा, गाठी, खिळ्यांची डोकी. आणि कडेला छोटे उंचवटे. मंच जुळवताना कुठली फळी कुठे ते कळावं म्हणून आजोबांनी खाचा पाडल्या होत्या. लाकडात खोल होत्या, म्हणून काँक्रीटमध्ये वर आल्या.

मी आत्याला हात धरून आणलं. तिने बोटं फिरवली. बराच वेळ.

"हे बाबाच्या हातचं हाय," एवढंच म्हणाली. मला रडू आवरलं नाही.

इमारतीचं काय करायचं यावर सभा झाली, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आत्या पाडाच म्हणेल. ती काठी टेकत उभी राहिली.

"मले हे बिल्डिंग आवडत नाही. आजही नाही. पन मले आवडत नाही म्हणून पाडसान, तं तिच्यात कोनाचं काय हाय ते पाहासान कधी?"

पाडणं थांबलं. आता छताची दुरुस्ती चालू आहे, गंजलेल्या सळ्या साफ होताहेत. जपायच्या वारसा इमारतींच्या यादीत नाव लागेल की नाही, अजून नक्की नाही.

गेल्या दिवाळीला मी सवयीने छुई भिजवली. बादली घेऊन रस्ता ओलांडला आणि भिंतीपुढे थांबले. परत येऊन आत्याचा उंबरठा तेवढा पोतला.

आत्या, तुझ्या बाबाचा मंच सापडला गं.

आता ती भिंत बोडकीच राहील. तेवढं चालवून घे.

येतो आम्ही. नीट राहा.