नवं वर, जुनं खाली

माणसानं क्षमा करावी असं सगळे म्हणतात. मीही वर्गात मुलांना तेच सांगत असे, पण आमच्या इतिहास विभागाच्या प्रमुखांना मी क्षमा केली नाही. ते गेले त्याला बरीच वर्षं झाली, तरी अजून केलेली नाही आणि आता या वयात ती सवय लावून घेण्यात अर्थ नाही.

मी खानापूरकडच्या एका खेड्यातला. घरची शेती, माझ्याआधी घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. एम. ए. झालो आणि बेळगावच्या एका कॉलेजात तात्पुरता व्याख्याता म्हणून लागलो. लढाईचे दिवस होते. कागद मिळत नसे आणि रॉकेलला रांगा लागत. तात्पुरता म्हणजे दर जूनला पुन्हा नेमणूक व्हायची आणि दर मार्चमध्ये नोकरी संपायची. टिळकवाडीत एका बंगल्यामागची खोली भाड्यानं घेतली होती. प्रमुखांचा बंगला तिथून हाकेच्या अंतरावर होता, त्यामुळं त्यांची बाजारातली पिशवीही कधीकधी माझ्या हाती असे.

मी जो काही अभ्यास केला तो आमच्या भागातल्या वीरगळांचा. शेताच्या बांधावर, देवळामागं, कुठं गोठ्याच्या पायरीत हे लढून मेलेल्यांचे दगड पडलेले असत. सुट्टीत मी आणि माझा थोरला भाऊ, अण्णा, ते हुडकत हिंडायचो. अण्णा दगडावरचं शेवाळ घासून काढायचा आणि मी उतरून घ्यायचो. त्यावर माझे दोन संशोधनलेख चांगल्या नियतकालिकांत छापून आले. दुसरा लेख पाठवताना प्रमुख म्हणाले, "विभागातून जातोय, तेव्हा माझंही नाव असू दे." त्यांनी एकही दगड पाहिला नव्हता. तरी मी माझ्या नावाखाली त्यांचं नाव घातलं आणि लेख त्याच क्रमानं छापला गेला.

मग एके वर्षी विभागात एक कायम जागा निघाली. अर्जासोबत आपल्या लेखनाची यादी जोडायची होती. मी यादी तयार करून प्रमुखांना दाखवायला नेली. त्यांनी चष्मा वर केला आणि मान हलवली.

"हे असे तुकडे कशाला? संशोधन वेगळं, परीक्षणं वेगळी, किरकोळ वेगळं. एकच सलग यादी कर. आणि जुनं आधी. घरात पंगतीला थोरला आधी बसतो की नाही? तसंच. माणूस कसा वाढत गेला ते कळतं."

मला ते पटलं नाही, पण त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं. मी सगळं पुन्हा टंकलं. कॉलेजात शिकत असताना मासिकात छापलेली माझी एक कविता सगळ्यात वर गेली. तिच्याखाली साप्ताहिकात आलेला गुऱ्हाळावरचा लेख, मग गावच्या रस्त्याबद्दल संपादकांना लिहिलेलं पत्र. हे सगळं घालायचा आग्रहही त्यांचाच. वीरगळांचे दोन्ही लेख तिसऱ्या कागदावर पोचले.

आमच्या निवड समितीची एक रीत होती. समितीत विश्वस्त होते, त्यात एक वकील आणि एक व्यापारी, शिवाय विद्यापीठाकडून आलेले एक तज्ज्ञ. प्रत्येक अर्जाची यादी हेडक्लार्क मोठ्यानं वाचून दाखवत आणि पहिला कागद संपला की वकीलसाहेब हात वर करून म्हणत, "पुढचा उमेदवार." त्यापुढचे कागद कुणाच्या कानावर पडत नसत. ही रीत मला ठाऊक नव्हती. प्रमुखांना चांगली ठाऊक होती, कारण ते वर्षानुवर्षं तिथं बसत आले होते.

जागा त्यांच्या भाच्याला मिळाली. मला मुलाखतीत व्यापारी विश्वस्तांनी एवढंच विचारलं, "तुम्ही कविता करता होय?"

तेव्हाही मी नशिबाला दोष देऊन गप्प बसलो असतो. पण काही दिवसांनी कार्यालयात कसलासा दाखला आणायला गेलो, तेव्हा हेडक्लार्कनी एक कार्बन प्रत माझ्यापुढं सरकवली. भाच्याची यादी होती ती. वर 'संशोधनलेख' असा मथळा घालून त्याचा एकमेव लेख, तोही त्याच वर्षीचा. खाली 'ग्रंथपरीक्षणे', त्यातलं ताजं आधी आणि जुनं नंतर. प्रत्येक प्रकार आपापल्या मथळ्याखाली आणि प्रत्येकात नव्याकडून जुन्याकडं. अगदी मी पहिल्यांदा नेली होती तशी. समासात शाईनं केलेल्या दुरुस्त्या प्रमुखांच्या हातच्या होत्या.

"तुमची यादी वाचताना मलाच लाज वाटली बघा, सर," हेडक्लार्क म्हणाले. "लई वंगाळ झालं."

म्हणजे त्यांना नियम माहीत नव्हता असं नाही. त्यांनी तो भाच्याला दिला आणि मला पंगत सांगितली. त्या दुपारी माझे कान गरम झाले होते. मी घरी जाऊन भिंतीला टेकून बसलो आणि मनात म्हटलं, हा हिशेब चुकता करीन तेव्हाच नावाचा.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा अण्णाला सगळं सांगितलं. त्याला नियतकालिक म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण खानापूरचा बाजार कळत होता.

"पाटीत नासकं आंबं वर ठेवून तुला बाजारात बशिवलं रं त्यानं," अण्णा म्हणाला. "आता तू काय करणार?"

"वाट बघणार."

"बघ. पण लई नमून वागू नगंस. आन् त्याची पिशवी उचलायची बंद कर आधी."

पिशवी मात्र मी उचलत राहिलो. ती उचलली नसती तर पुढचं घडलं नसतं.

दोनेक वर्षांनी आमचे प्राचार्य निवृत्त व्हायला आले आणि त्या खुर्चीसाठी अर्ज मागवले गेले. प्रमुखांना ती खुर्ची हवी होती. इतकी, की भिंतीवर कुठलं घड्याळ लावायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. त्यांच्या बाजूनं विश्वस्तही होते. अडचण एकच होती. जाणाऱ्या प्राचार्यांनी फतवा काढला की सगळ्या उमेदवारांनी लेखनाची यादी विद्यापीठाच्या नमुन्यात द्यावी: आधी ग्रंथ, मग संशोधनलेख, परिषदांत वाचलेले निबंध, परीक्षणं, क्रमिक पुस्तकं आणि शेवटी वृत्तपत्री लेखन. प्रत्येक प्रकारात नवं वर. ज्या प्रकारात काही नसेल तो मथळाच घालायचा नाही.

प्रमुखांची जुनी यादी म्हणजे दाट टंकलेले लांबच लांब कागद. सलग आकडे घातलेले. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस जेवतो कधी? त्यांनी ते भेंडोळं माझ्या हातात दिलं.

"तू नीट लावून दे. तुझा हात बरा आहे. मी नेहमीसारखी सही करतो."

मी ग्रंथालयात बसलो आणि एकेक नोंद मूळ छापील प्रतीशी ताडून पाहिली. जन्मात कुठलं काम मी इतक्या आनंदानं केलं नसेल. त्यांनी 'ग्रंथ' म्हणून घातलेली पुस्तकं सगळी परीक्षेची मार्गदर्शकं होती, ती क्रमिक पुस्तकांत गेली. एकाच मार्गदर्शकाच्या दरवर्षीच्या आवृत्त्यांना त्यांनी वेगवेगळे आकडे दिले होते. त्या सगळ्या एका नोंदीत आल्या. परिषदेत वाचलेला एक निबंध पुढं तसाच छापला होता आणि यादीत दोनदा होता. तो छापील लेख म्हणून एकदाच ठेवला. स्नेहसंमेलनातली भाषणं छापलेलीच नव्हती, ती गळाली. मी स्वतःचं काही घातलं नाही आणि त्यांचं खरं असलेलं काही वगळलं नाही. खोटेपणा करायची मला गरजच पडली नाही.

'ग्रंथ' हा मथळा उरलाच नाही. यादी सुरू झाली ती 'संशोधनलेख' इथून. त्याखाली सगळ्यात ताजा म्हणून सगळ्यात वर आला वीरगळांचा लेख. त्यांच्या कागदावर तो एकट्या त्यांच्या नावावर होता. छापलाय त्या क्रमानं मी नावं घातली: आधी माझं, मग त्यांचं. त्याच्या खालोखाल परिषदेतला तो लेख, त्यांच्या तरुणपणीचा, मी शाळेतही गेलो नव्हतो तेव्हाचा. बास. मग थेट परीक्षणं आणि मार्गदर्शकं. सगळं मिळून जेमतेम एक कागद झाला. म्हणजे आता समितीला तो पुरता ऐकावा लागणार होता.

अर्ज द्यायचा शेवटचा दिवस आला. प्रमुख भाच्याच्या लग्नाला निपाणीला निघाले होते. मी मोटारस्टँडवर यादी घेऊन गेलो. रीतसर म्हटलं, "सर, एकदा वाचून घ्या."

"तू केलंयस ना? मग काय वाचायचं?" अंगावर रेशमी उपरणं, हातात आहेराची पिशवी. गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. गाडी सुटली तेव्हा मी हात हलवला. मनातून हलवला.

प्राचार्यपदाला मुलाखत नसे, आणि प्रमुख निपाणीत असतानाच समिती बसली. तिथं काय झालं ते हेडक्लार्कनी दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये सांगितलं. हसू दाबता दाबता त्यांना ठसका लागला होता.

"मी वाचाय लागलो, आन् व्यापारी शेट म्हंटले, ग्रंथ कुठं हाईत? म्या म्हंटलं, साहेब, न्हाईत. विद्यापीठाचे साहेब म्हंटले, हा वीरगळांचा लेख मी वाचलाय, उत्तम हाय, पण ह्यो पहिला लेखक कोण? म्या म्हंटलं, हितंच हाय की, तात्पुरता. मग ते म्हंटले, आन् ह्यांचं स्वतःचं शेवटचं संशोधन इतकं जुनं? वकीलसाहेबांनी हात वर करायच्या आतच कागद संपला बघा!"

खुर्ची बाहेरगावच्या एका विद्वानाला मिळाली. नव्या प्राचार्यांनी पुढच्या जूनमध्ये मला कायम केलं. पण खरं सांगायचं तर मला कायम झाल्याचा आनंद दुसऱ्या नंबरचा होता.

प्रमुख निपाणीहून आले ते सरळ विभागात. दार लावलं.

"तू मुद्दाम केलंस."

"काय केलं, सर?"

"माझी यादी उघडी पाडलीस."

"मी फक्त प्रकार वेगळे केले आणि वर्षं बघितली," मी म्हटलं. "भाचेसाहेबांची लावली होती तशीच लावली. ती प्रत बघितलीय मी."

त्यांचा चेहरा उतरला तो मी डोळे भरून पाहिला. आजही आठवला की जेवण गोड लागतं. लोक याला हलकेपणा म्हणतील, म्हणोत बापडे.

पुढं नवे प्राचार्य दुसरीकडं गेले आणि खुर्ची पुन्हा रिकामी झाली. प्रमुखांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. एका सकाळी ते माझ्या टेबलाशी आले आणि बाजाराची पिशवी टेबलावर ठेवली. हातात मी टंकलेला तोच कागद होता, घडी पडलेला. मला 'अहो' म्हणाले, पहिल्यांदाच.

"अहो, एवढी यादी जरा पुन्हा लावून देता का? वर काहीतरी बरं दिसेल असं."

मी कागद घेतला. कोरा कागद यंत्रात चढवला, 'संशोधनलेख' असा मथळा टंकला आणि बोटं तशीच थांबवून त्यांच्याकडं पाहिलं.

"नवं वर येतं, सर," मी म्हटलं. "सांगा, नवं काय आहे?"

 त्यांनी माझ्या टेबलावरची आपली पिशवी स्वतः उचलली आणि निघून गेले.